कागद खरा, काटा खोटा: घड्याळाच्या पत्रावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

"सर्व्हिस सेंटरने मशीनवर लावून 'दिवसाला सहा सेकंद पुढे' असा कागद दिला, तरी तुम्ही त्यांना दोन पानी पत्र धाडता. आजोबांच्या काळातलं चावीचं घड्याळ, त्यात आपली खारी हवा. चार मिनिटं मागे पडलं तर बिघडलं काय? कारागिराची अब्रू काढायची कशाला?" (मालवणहून एक वाचक)

काका (लिहिण्यावरून वडीलधारे वाटलात म्हणून काका म्हणतो), अब्रूचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. "तेल तरी घातलंत का?" हे पत्रातलं वाक्य रागाच्या भरात गेलं. अडीच हजार भरून ओव्हरहॉल करून आणलेलं घड्याळ आठवडाभरात मागे पडलं की डोकं फिरतं, पण तेलाबद्दल माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. बाकीचं पत्र मात्र मी आजही तसंच लिहीन.

तो कागद खोटा आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. त्या मशीनला कान असतात, डोळे नसतात. घड्याळ माइकवर ठेवतात आणि मशीन टिकटिक ऐकतं. माझ्या घड्याळाचे तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. ते वेळेवर पडतात की नाही एवढंच ते सांगतं. तबकडीवरचे काटे कुठे आहेत हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता मी वेंगुर्ल्याला घरी काय केलं ते सांगतो. सकाळी सातला पूर्ण चावी दिली. सेकंदकाटा बरोबर साठवर आला तेव्हा मिनिटकाटा नेमका एका रेघेवर आणून बसवला. काटा लावल्यावर दात्यांतल्या ढिलाईमुळे तो किंचित सरकतो, म्हणून दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं, रेघेवरच होता. नऊ वाजता भिंग लावून बघतो तर सेकंदकाटा साठवर आणि मिनिटकाटा दोन रेघांच्या मधोमध! दुसऱ्या दिवशी सकाळी तो चार मिनिटं मागे होता, तिसऱ्या दिवशी आणखी तीन, चौथ्या दिवशी एकदम सहा.

हे दोन काटे एकाच यंत्राने फिरतात. घड्याळ नुसतंच हळू चालत असेल तर दोघंही मिळून मागे पडतील, पण त्यांची आपसातली जुळणी मोडणार नाही. माझ्याकडे तीच मोडत होती. खाऱ्या हवेलाही हेच लागू. गंज धरून चाकं अडू लागली तर ठोके मंदावतील, आणि ठोके मंदावले तर मशीनला ते ऐकू येईल. इथे ठोके ठीक, सेकंदकाटा ठीक, आणि मिनिट व तास हे दोनच काटे हातात हात घालून मागे.

असं व्हायला एक जागा आहे. मधल्या चाकाच्या दांड्यावर एक बारीक नळी दाबून बसवलेली असते, तिला कॅनन पिनियन म्हणतात. मिनिटकाटा तिच्यावर असतो आणि तासकाट्यालाही तीच फिरवते. ती मुद्दाम जाम केलेली नसते, नुसत्या घर्षणावर धरते. म्हणून तर चावी ओढून आपल्याला काटे फिरवता येतात आणि आतली चाकं मोडत नाहीत. तिची पकड सुटली की दांडा फिरतो, नळी मधूनमधून घसरते. घसरणं असं लहरी म्हणून रोजचा आकडा वेगळा. सेकंदकाट्याचा रस्ता वेगळा, तो या नळीतून जात नाही.

"जुनं आहे" हे तुमचं म्हणणं इथे अर्धं खरं आहे. आजोबांपासून काटे लावून लावून ती पकड झिजली असणार. पण ओव्हरहॉलला घड्याळ पूर्ण उघडतात, तेव्हा ही नळी उपटून काढावीच लागते. परत बसवताना ती सैल लागते की घट्ट, हे हाताला कळतं. सैल असेल तर तिला हलकी चिमट घालून घट्ट करतात. मलाही कळायला हवं होतं, कारण परत आल्यापासून काटे लावताना चावी लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. मी मात्र "वा, काय मऊ केलंय!" म्हणून खूश.

म्हणूनच पत्रात मी "घड्याळ मागे पडतं" एवढ्यावर भागवलं नाही. तसं लिहिलं असतं तर त्यांनी पुन्हा माइकवर ठेवलं असतं, सहा सेकंदांचा दुसरा कागद जोडला असता आणि टपालखर्च माझ्या माथी. कामाची ओळ ही होती: "सेकंदकाटा साठवर असताना मिनिटकाटा रेघेवर नसतो, कृपया कॅनन पिनियनची पकड पाहावी आणि मशीनऐवजी काट्यांवर चोवीस तास तपासावं." सोबत चार दिवसांचे आकडे आणि बिलाची झेरॉक्स.

गेल्या शुक्रवारी घड्याळ परत आलं, पैसे न घेता. चिठ्ठीत "पिनियन टाइट केले" एवढंच. काटे लावताना चावी आता बोटाला जरा अडते, आणि आज सकाळी सेकंदकाटा साठवर आला तेव्हा मिनिटकाटा रेघेवर होता. तेलाच्या वाक्याबद्दल त्यांना माफीचं कार्ड टाकलंय.