दोन चांदण्या आणि मामाजींचा कोसा

परदेशी गिऱ्हाइकाला नम्र उत्तर लिहिताना भाषेचा त्रास फारसा होत नाही. त्रास होतो घरच्या माणसांचा.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हातमागावर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, स्टोल विणतात. मी फोटो काढून ते ऑनलाइन विकते. लग्नाआधी पुण्यातल्या एका कंपनीत स्पॅनिश लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी केली होती, ती विद्या एकदाची कामी आली. स्पेनमधल्या एका बाईंनी लिहिलं: धागा कुठे जाड, कुठे बारीक, रंग ‘अपागादो’, म्हणजे विझलेला, आणि हे रेशीम वाटतच नाही. पाचपैकी दोन चांदण्या.

मामाजींनी हातातला धोटा खाली ठेवला. ‘तिले लिव्ह, रानातल्या किड्याले मशीन लावली नसते म्हणा. अन् चमक पाहिजे असन तं नायलॉन घे म्हणा.’

आमच्या ह्यांची काळजी वेगळी. ‘पैसे वापस मागते का काय ते?’

पंचाईत अशी की मामाजींचं म्हणणं खरं होतं. कोशाची अळी ऐन-अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढते, तुतीच्या अळीसारखी घरात लाड करून घेत नाही. तिच्या कोशातून आमच्याकडच्या बाया मांडीवर वळून धागा काढतात. तो एकसारखा निघाला, तरच शंका घ्यावी. रंगही मुळात मातकट सोनेरी. पण बाईंचंही काही चुकलं नव्हतं. रेशीम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तुतीचंच गुळगुळीत रेशीम येणार. खरं तर सांगायचं, पण ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ असं ऐकू जाऊ द्यायचं नाही. कारण हे उत्तर त्या एकट्या वाचत नाहीत. पुढची गिऱ्हाईक तक्रार वाचून झाली की दुकानदार कसा बोलतो तेच आधी बघते.

सुरुवात ‘एस्तिमादा’नं, म्हणजे ‘माननीय’नं केली. त्यापुढे बाईंचं नाव, आणि नावापुढे स्वल्पविराम न देता दोन टिंबं, कारण स्पॅनिशात तशीच रीत. मग ‘उस्तेद’, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’. स्पेनमधले दुकानदार हल्ली सर्रास ‘तू’ म्हणतात, पण रागावलेल्या माणसाशी ‘उस्तेद’च बरं. आमच्याकडे वाक्याला ‘जी’ जोडलं की आदर झाला. तिथे मात्र प्रत्येक क्रियापद आदराचं करावं लागतं. एखादं चुकून ‘तू’चं राहिलं, की बाकीच्या सगळ्या आदरावर पाणी.

पुढे माफी. ‘तुम्हाला आवडलं नाही याचं वाईट वाटतं’ असं लिहिलं तर व्याकरण बरोबर, पण दोष बाईंच्या आवडीवर जातो. म्हणून लिहिलं, ‘लामेंतामोस के ला एस्तोला नो आया सिदो लो के उस्तेद एस्पेराबा’. स्टोल तुम्हाला अपेक्षित होता तसा निघाला नाही याचं वाईट वाटतं. यानंतर बोटं आपोआप ‘पेरो’ टाइप करायला धावतात. पेरो म्हणजे ‘पण’, आणि पण आला की आधीची माफी वाया. मी पूर्णविराम दिला आणि नवं वाक्य सुरू केलं: ही ‘सेदा साल्वाखे’ आहे, रानातलं रेशीम, धागा हातानं काढतात, म्हणून कमीजास्त होतो. मांडीचा उल्लेख स्पॅनिशात टाळला.

रंगाचं गाऱ्हाणं मात्र रास्त. फोटो दुपारच्या उन्हातला, आणि विदर्भातल्या दुपारी काय वाटेल ते चमकतं. ‘नवा फोटो टाकू’ असं लिहिण्यापेक्षा आधी ओसरीच्या सावलीत नवा फोटो काढला, मग ‘टाकला आहे’ असं लिहिलं. तक्रारीखाली भविष्यकाळावर कोणी विश्वास ठेवत नाही. पैशांबद्दल चारचौघांत एक अक्षर नाही. परत पाठवायचा असल्यास ऑर्डर नंबर खासगी निरोपात कळवा, एवढंच. आमचे हे तेव्हा कुठे चहा प्यायले.

पाठवण्याआधी मामाजींना मराठीत वाचून दाखवलं.

‘मंग मी सांगतलं ते कुठी हाय वं?’

‘हे काय मामाजी, रानातलं रेशीम, हातानं काढलेला धागा. तुमचंच तर आहे.’

‘अन् नायलॉन?’

‘ते शेवटी. “उन कोर्दियाल सालुदो” लिहिलंय ना, त्यातच सगळं आलं.’

मामाजींनी ते तीन शब्द, म्हणजे खरं तर ‘सस्नेह नमस्कार’, दोनदा म्हणवून घेतले. त्यांचं समाधान झालं. फक्त ते मोठ्या अक्षरांत टाक म्हणाले, म्हणजे बाईले बराबर लागन.