जेवायला बोलावण्याचा गुन्हा

रविवारी घरी जेवायला या, एवढंच फॅमिली ग्रुपवर टाकायचं होतं. 'यावे' लिहिलं की धाकट्यांना लग्नपत्रिका आल्यासारखं वाटतं, 'या रे' लिहिलं की ते आपल्यालाच म्हटलं असं शिवाजी पेठेतल्या आण्णाकाकांना वाटतं. म्हणून मी मधला मार्ग काढला : "रविवारी दुपारी साडेबाराला सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं. तांबडा-पांढरा आहे." यात ना अहो, ना अरे. मी स्वतःवर खूश.

आण्णाकाकांचा फोन आला.

"आमंत्रण हाय की नोटीस?"

"आमंत्रणच की काका."

"मग मायना कुठाय? 'सगळ्यांनी यायचं' म्हणं. आमचा हेडक्लार्क असं सांगायचा."

"ग्रुपवर मायना कोण लिहितं, काका?"

"का? आम्ही एका पोस्टकार्डात अख्खं घर बसवायचो. थोरांस साष्टांग नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद. कोण राहिला का त्यात? सांग की."

खरंच कोणी राहत नव्हतं. पण मी ग्रुपवर आशीर्वाद दिले असते तर पोरांनी त्याचा स्टिकर करून दिवाळीपर्यंत फिरवला असता. शिवाय मेसेज लांबला की त्याची घडी पडते. वर नमस्कार दिसतो, वेळ खाली दडते. घडी उघडून वाचण्याइतका दम आमच्या पोरांत नाही. काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग वेळच टाकू नको. जेवायची वेळ काय कुणाला सांगाय लागते व्हय?"

तेवढ्यात पुण्याच्या चुलतभावाचा वेगळा मेसेज : "दादा, चिडलायस का?" का रे बाबा? तर मी वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला होता. त्याच्या मंडळींत पूर्णविराम म्हणजे दार आपटणं. आम्ही शाळेत पूर्णविराम विसरलो की मार खाल्लाय!

दुरुस्ती करावी तर एडिटची पंधरा मिनिटं काकांनीच खाल्लेली. शेवटी सगळ्यांसाठी डिलीट केला. पण डिलीट केल्याची पाटी तिथंच राहते. ती बघून आक्कात्यानं विचारलं, "काय झालं? कुणाचं काय बरंवाईट?" त्यावर दोन मावश्यांनी हात जोडले. मामांनी, कोण गेलंय हे न विचारताच, 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं.

मग तोच मेसेज, पूर्णविराम काढून, वर 'सर्वांना नमस्कार' लावून पुन्हा टाकला. तीसेक माणसं ग्रुपवर आहेत, निळ्या खुणा झाल्या, आणि येणार किती हे एकानंही सांगितलं नाही. मटण काय निळ्या खुणा मोजून सांगायचं? काकांना विचारलं, तर "ग्रुपवरचं बोलावणं आम्ही धरत न्हाई, घरटी फोन कर."

केले. थोरांनी तब्येतीसकट सगळं सांगितलं, येणार का ते सोडून. पोरांनी फोन उचललाच नाही. पुण्याच्या भावाचा तेवढा मेसेज आला :

"फोन कशाला भावा, ग्रुपवर टाक की"