पानीच टाका, काई नही व्हस!

धुळ्याहून अमळनेरला लग्नाला निघालो होतो. पारोळ्याच्या अलीकडे काटा लाल रेघेकडे सरकला, एसीची हवा गरम झाली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. गाडी एका चहाच्या टपरीसमोर, कडुनिंबाच्या जेमतेम सावलीत लावली आणि इंजिन बंद केलं. मे महिना आणि दुपार. खान्देशातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

टपरीपुढच्या खाटेवर एक आबा बसले होते. पांढरी टोपी, बशीत चहा. त्यांनी बशी खाली ठेवली नाही, पण कारभार हातात घेतला.

"काय व्हयनं, भाऊ?"

"गाडी तापली, आबा."

"मंग झाकन उघाडा ना. पानी टाका."

मी म्हणालो, थोडं थांबू, निवू दे. यावर आबांनी टपरीवाल्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी वरातीतून घोड्यावरून उतरून पळालो होतो. गर्दी जमायला लागली. खान्देशात बंद पडलेल्या गाडीभोवती जमलेली माणसं निघून जात नाहीत, ती खाट ओढून घेतात.

आता त्या झाकणाचं बघा. रेडिएटरच्या कॅपला स्प्रिंग असते, ती आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवते. दाबामुळे ते शंभर अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि ते भडकन उकळून वाफेसकट थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. म्हणून निदान अर्धा तास थांबायचं, वरचा होज पाईप हाताला सोसवला की जाड फडकं ठेवून कॅप थोडी फिरवायची, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्यायचा आणि मगच काढायची. हे मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "घाबरट शे बिचारा." आमच्या सौ. हसल्या. ते हसू मला अजून पुरतं पचलेलं नाही.

तेवढ्या वेळात दोष सापडला. वरच्या होजच्या तोंडाशी हिरवट-पांढरी पापडी धरली होती आणि क्लिप बोटाने फिरत होती. मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालेलं, क्लिप कुणीतरी काढली आणि आवळायची राहिली. स्क्रूड्रायव्हरने आवळली. आधी गळती थांबवायची, पाणी नंतर, नाहीतर वरून ओतलेलं खालून रस्त्याला मिळतं.

आता पाणी. गाडीत पिण्याच्या पाण्याची एक सीलबंद बाटली होती, ती पुरेना. टपरीजवळ बोअरच्या पाण्याचा निळा ड्रम. त्याच्या काठाला आतून चुन्यासारखा पांढरा थर बसला होता आणि त्यात बुडवायच्या लोट्याच्या कडेलाही तसाच. मी तो थर नखाने खरवडत राहिलो, तसे आबा उखडले.

"आमी हाईच पानी पेतस. तुमनी गाडीले चालत नही का?"

"आबा, माणसाचं पोट रोज धुतलं जातं. रेडिएटरच्या नळ्या काडीएवढ्या बारीक असतात, त्यात हे साचून राहतं."

"मना बापनी बैलगाडीले कोनतं कूलंट व्हतं?"

गर्दी खूश. पुढे आबा फॉर्मात आले. कूलंट म्हणजे कंपनीनं रंग टाकून विकलेलं पाणी, बर्फाच्या मुलखात लागतं, आपल्याकडे कुठे गोठतंय? "वीस वरीस मनी जीप पानीवरच चालनी."

"मग आता कुठे आहे जीप?"

"भंगारमा गयी." बशीतला घोट. "पन ते येगळं कारन."

खरं सांगू? सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की आबांचं अर्धं बरोबर होतं. उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरसच असतं, म्हणून तर निम्मं पाणीच घालतात. पण ते लवकर उकळतं, आणि त्यात गंज रोखणारं काहीच नसतं. कूलंटमधली खरी कामाची चीज ती गंजरोधक रसायनं. ती पातळ झाली की लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि पाण्याच्या पंपाचं सील हळूहळू खायला लागतं. बर्फाचा इथे संबंध नाही, संबंध गंजाचा आणि उकाड्याचा. हे मी आबांना सांगणार होतो, पण तोवर विषय केळीच्या भावावर गेला होता.

शेवटी बाटलीभर चांगलं आणि लिटरभर ड्रमातलं पाणी घातलं. इंजिन चालू ठेवून, बारीक धारेनं. तापलेल्या इंजिनात गार पाण्याची बादली ओतली तर हेडला तडा जाऊ शकतो, हे आबांच्या गल्लीतल्या कुणालाही पटलं नाही. नंतर एसी बंद करून काट्यावर नजर ठेवत हळूहळू निघालो. एक लक्षात ठेवा, गाडी उकळत असताना काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणी संपून सेन्सर हवेत आला की तोही खोटं बोलतो.

आता किती दिवस चालवायची अशी? नुसतं पाणी विष नाही. घरी किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत, अगदी दोन-चार दिवस निर्धास्त चालतं. बाटलीतलं थोडंच पाणी घातलं असेल तर कूलंटचं प्रमाण मोजून दुरुस्त केलं की भागतं. पण बोअरचं लिटरभर गेलं असेल तर आठवड्याच्या आत सगळं काढून धुवायला हवं, कारण क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे हेडमध्ये, आधी बसतात. मी नवरा-नवरीची हळद उतरायच्या आत काम उरकलं.

त्यातही एक गोम आहे. माझ्या गाडीत पाच लिटर मावतं. थंड इंजिनावर खालून सोडलं की साधारण तीन लिटर निघतं, दोन लिटर ब्लॉकमध्येच अडून राहतं. म्हणून बॅटरीचं पाणी (ॲसिड नव्हे, बघून घ्या) भरून, हीटर पूर्ण उघडून, पंखा लागेपर्यंत इंजिन चालवायचं, थंड करायचं आणि काढायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. आता आत उरलेलं दोन लिटर नुसतं पाणीच. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर तीनापैकी निम्मं म्हणजे दीड लिटरच दाट कूलंट, एकूण पाचात तीस टक्के. निम्मं हवं असेल तर आधी अडीच लिटर दाट कूलंट आणि मग अर्धा लिटर बॅटरीचं पाणी. दुकानदार मात्र विचारतो, "हिरवं देऊ की लाल?" रंगाला अर्थ नसतो, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघायचा. वेगळे प्रकार मिसळले तर आत खळीसारखं होऊ शकतं.

नंतर चार सकाळी गार इंजिनावर रिझर्व्ह बाटलीची पातळी पाहिली. हवा निघाल्यावर एकदा थोडी उतरली, मग स्थिर राहिली.

ज्यांनी क्लिप ढिली ठेवली त्या वर्कशॉपला फोन केला. पलीकडचा पोरगा फार नम्र होता. म्हणाला, "सर, क्लिप तपासली आहे. यादीत टिक आहे."

"अहो, क्लिप सुटली होती."

"हो, पण टिक आहे ना सर."