मीडियम म्हणजे पाच दिवस, हे कुठून आलं?

"स्मॉल म्हणजे २ दिवस, मीडियम ५, लार्ज १०, एक्सएल २०. बेरीज करा, टीममधल्या माणसांनी भागा, तारीख तयार. एखादं काम लांबलं तर दुसरं लवकर संपतं, चुका एकमेकींना भरून काढतात."

सॉफ्टवेअरच्या कामांना टी-शर्टसारख्या साइज देऊन तारीख काढण्याचा हा सल्ला नाशिकच्या आयटी ग्रुपांवर सध्या फिरतोय. मला तो घातक वाटतो, कारण त्यातून निघालेल्या तारखा लोक खऱ्या मानतात आणि त्यावर करार करतात.

आधी आकडे कुठून आणायचे ते पाहू. ते टीमच्या झालेल्या कामांतूनच यायला हवेत. काम सुरू करण्याआधी ज्यांना मीडियम म्हटलं होतं ती कामं जुन्या नोंदींतून काढा आणि सुरू होण्यापासून पूर्ण होईपर्यंत प्रत्येकाला कामाचे किती दिवस लागले ते लिहा. काम लांबल्यावर "हे लार्जच होतं" म्हणून कोणी साइज बदलली असेल तर मूळचीच धरा. नाहीतर मीडियमची यादी आपोआप गोंडस दिसते आणि अंदाज त्यावरच फसतो.

समजा, अशी ११ कामं मिळाली: २, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ८, १३, २४ दिवस. मधलं काम ५ दिवसांचं, म्हणून "मीडियम म्हणजे ५" हे खोटं वाटत नाही. पण सरासरी काढा, ती ७ येते. काम ठरल्यापेक्षा तीन-चार दिवसच लवकर संपू शकतं, लांबायला मात्र मर्यादा नाही. त्या २४ दिवसांच्या कामाची भरपाई करायला उणे १४ दिवसांचं काम लागेल, आणि तसं काम नसतं. चुका एकमेकींना भरून काढतात हा दावा इथेच कोसळतो. वीस मीडियम कामांची बेरीज ५ ने केली तर १०० दिवस, सरासरीने केली तर १४०.

म्हणून मीडियमला एक आकडा देऊच नका, अख्खी यादी द्या. प्रत्येक कामासाठी यादीतून एक आकडा चिठ्ठीसारखा उचला, पुन्हा यादीत टाका, वीस वेळा उचलून बेरीज करा. हेच दहा हजार वेळा:

```python
import random
m = [2,3,3,4,4,5,5,6,8,13,24]
r = sorted(sum(random.choices(m, k=20))
           for _ in range(10000))
print(r[5000], r[8500])
```

निम्म्या वेळा बेरीज साधारण १३८ च्या आत राहते, ८५ टक्के वेळा १६८ च्या आत. शंभराच्या आत ती शंभरात सहा-सात वेळाच येते.

माणसांनी भागण्याबद्दल थोडक्यात: आपले आकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे आहेत, वाट पाहण्याचे दिवस धरून. त्यांना भागायचं ते एका वेळी खरोखर किती कामं चालू असतात त्याने. चार जणांच्या टीममध्ये ती अनेकदा दोनच असतात.

आता पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर करायचंय असं धरा: तीच वीस मीडियम कामं, एका वेळी दोन चालू, आठवड्याला कामाचे पाच दिवस. सुरुवात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि जानेवारीत तोडणीला जोर येण्याआधी ते चालू हवं. पाचाच्या हिशेबाने १० आठवडे, म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. यादीच्या हिशेबाने निम्मी शक्यता १४ आठवड्यांची, ८५ टक्के खात्री १७ आठवड्यांची. दिवाळीची सुट्टी मिळवली की ही दुसरी तारीख डिसेंबरच्या अगदी शेवटी किंवा जानेवारीत जाते. निर्यातदाराला हेच सांगायचं: "डिसेंबरच्या मध्यापर्यंत होण्याची शक्यता निम्मी, नवीन वर्षाच्या सुरुवातीपर्यंत बरीच." १७ डिसेंबर असा नेमका दिवस सांगू नका. अकरा नोंदींत तेवढं बळ नसतं. हे ऐकून तो सप्टेंबरातच ठरवू शकतो की वजन आणि लेबलचा भाग आधी हवा, बाकीचं हंगामानंतर चालेल.

या पद्धतीचीही एक मर्यादा आहे. चिठ्ठ्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं ती धरते. पण वीसपैकी आठ कामं एकाच वजनकाट्याच्या जोडणीवर अडली असतील, तर ती आठही एकदम लांबतात. अशा वेळी खरा पसारा गणितापेक्षा मोठा असतो आणि १६८ सुद्धा कमी पडतात. हे ओळखायचं कसं? संपलेले जुने प्रकल्प घ्या, त्यांच्या सुरुवातीला हाताशी असलेल्या नोंदींवरूनच अंदाज काढा आणि प्रत्यक्षाशी ताडा. ८५ टक्क्यांची रेषा वारंवार ओलांडली जात असेल, तर कामं एकमेकांत अडकलेली आहेत किंवा तुमच्या साइज मधेच बदलल्या आहेत.

राहिला एक्सएल. त्याच्या नोंदी बहुतेक टीमकडे दोन-तीनच असतात आणि तेवढ्यावरून यादी बनत नाही. त्याला २० म्हणण्याऐवजी ते काम मीडियम आणि स्मॉलमध्ये फोडा. फुटत नसेल तर ते बेरजेत घेऊ नका, अंदाजाशेजारी वेगळं लिहा: "हे काम यात धरलेलं नाही."