आबाजींचा एकच स्क्रीन आणि चार पाहुणे

वर्षभराच्या रिचार्जवर ओटीटी फ्री, असं पोस्टरवर ठळक छापलेलं असतं. एका वेळी एकाच स्क्रीनवर चालेल, हे अटींमध्ये खाली कुठंतरी, तेही इंग्रजीत. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे या अटीपायी वैतागलेली माणसं मला रोज भेटतात. पण शेजारच्या आबाजींच्या घरी या मे महिन्यात जे झालं, ते मनाला लागलं. त्यांना विचारूनच लिहितोय.

आबाजी एकटे राहतात. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. दिवसभर वावर, संध्याकाळी पारावर थोडं बसणं, आणि साडेसातला क्रिकेटची मॅच. पोरानं पुण्याहून स्मार्ट टीव्ही पाठवला, वायफाय बसवून दिलं. त्या वायफायच्या पॅकमध्येच ओटीटी आलेलं. आबाजी एकटे, टीव्ही एक, त्यामुळे एक स्क्रीन म्हणजे काय हे त्यांना कळायचा प्रश्नच आला नाही.

मे महिन्यात लेकीची दोन आणि पोराची दोन अशी चार नातवंडं आली. आमच्याकडे मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी दहानंतर लेकरं अंगणात जात नाहीत, कूलरसमोरच पडून असतात. मोठी नात टॅब घेऊन आलेली, तिनं पहिल्याच दिवशी आबाजींच्या नंबरावर ओटीपी मागवून लॉगिन केलं. आत प्रत्येकाच्या नावाचं वेगळं प्रोफाइल बनवलं, चौघांची चार आणि आबाजींचं पाचवं. अ‍ॅपनं पाचही बनवू दिली, एका शब्दानं अडवलं नाही. माझा खरा राग इथे आहे. पाच प्रोफाइल दिसली की कोणालाही वाटणारच, पाच जण पाहू शकतात. प्रोफाइल म्हणजे फक्त कोणी काय पाहिलं त्याची वेगळी नोंद. एका वेळी किती ठिकाणी चालेल हे पॅकवर ठरतं, आणि त्या पॅकमध्ये ते एकच होतं.

संध्याकाळी मॅच लागली. अकरावी ओव्हर चालू असताना आतल्या खोलीत धाकट्यानं टॅबवर कार्टून लावलं आणि बाहेर टीव्ही थांबला. पडद्यावर इंग्रजी सूचना. आबाजींनी रिमोटनं पुन्हा चालू केलं, तर आत कार्टून बंद आणि रडारड सुरू. काही अ‍ॅप नंतर येणाऱ्याला दारातच अडवतात, काही आधीच्याला बाहेर काढतात. हे दुसऱ्या जातीचं होतं, त्यामुळे बाहेर-आत असा खेळ अर्धा तास चालला. जावयांना वाटलं, कोणीतरी पासवर्ड चोरला. त्यांनी सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट केलं. आता टीव्हीवर परत कोड टाकायचा, ओटीपी आबाजींच्या साध्या फोनवर, आणि तो फोन गोठ्यात चार्जिंगला.

दुसऱ्या दिवशी आबाजी दुकानात आले. "बाबू, माह्या टीव्हीवर कोनी दुसरं बसलं काय रे? पैसे तं मी भरतो."

मी त्यांच्या खात्यातली डिव्हाइसची यादी उघडून दाखवली. चोरी झाली की नाही, हे तिथंच कळतं. प्रत्येक डिव्हाइसचं नाव असतं, शेवटचं कधी वापरलं ती वेळ असते. यादीत त्यांचा टीव्ही आणि नातीचा टॅब, तिसरं कोणी नाही. म्हणजे चोर नाही, पॅकची मर्यादा. पासवर्ड बदलून हे कधीच सुटत नाही.

त्यांची दुसरी शंका जास्त अवघड होती. दुपारी लाईन गेली, टीव्ही बंद पडला, तरी टॅबवर मोबाइलच्या नेटनं काही लागेना. टीव्ही बंद आहे तर स्क्रीन मोकळा नको का? व्हायला हवा, पण लगेच होत नाही. चालू असताना टीव्ही थोड्या थोड्या वेळानं कंपनीला कळवत असतो की मी अजून पाहतोय. नीट बॅक करून बाहेर पडलं तर पाहणं संपल्याचा निरोप जातो. लाईन गेली की तो निरोप जातच नाही, आणि तिकडे काही मिनिटं टीव्ही चालूच आहे असं धरलं जातं. तेवढं थांबायचं, नाहीतर यादीतून टीव्हीला लॉगआउट करायचं. लोडशेडिंगच्या गावात हे रोजचं दुखणं आहे.

मी उपाय सांगायच्या आतच आबाजींनी त्यांचा उपाय केलेला होता. "जाऊ दे, पोट्टे चार दिवसाचे पाहुने. मॅचचं काय, सकाळी पेपरात येतेच." ते संध्याकाळी टीव्ही लावेनात. घरातल्या सगळ्यांना याचं कौतुक. मला नाही वाटलं कौतुक. पॅक त्यांचा, पैसे त्यांचे, दिवसभर उन्हात राबून आल्यावरचा तेवढाच त्यांचा वेळ. ओढाताण झाली की आजोबांनीच सोडायचं, हे आपण फार सहज धरून चालतो. आणि 'बरं झालं, लेकरांचा मोबाइल सुटेल' म्हणणाऱ्यांनी भर दुपारी आमच्या गावच्या अंगणात दहा मिनिटं उभं राहून दाखवावं.

म्हणून संध्याकाळी घरी गेलो आणि नातीला सोबत बसवून डाउनलोड करून घेतलं. रात्री सगळे झोपल्यावर वायफाय मोकळं असतं, तेव्हा टॅबवर कार्टूनचे भाग उतरवून ठेवायचे. दर्जा सगळ्यात कमी ठेवला, टॅबच्या छोट्या पडद्यावर फरक कळत नाही आणि तासाला ढोबळमानानं तीन-चारशे एमबीत भागतं. मग टॅब एअरप्लेन मोडवर टाकून एक भाग लावून पाहिला. हे तपासणं महत्त्वाचं, कारण नेट चालू असलं तर काही अ‍ॅप डाउनलोड केलेलंही मोजतात. नेट बंद असताना चाललं, म्हणजे टीव्हीला धक्का लागत नाही. डाउनलोडला मुदत असते, एकदा पाहायला सुरुवात केली की काही भाग दोनेक दिवसांत उडतात, म्हणून तीन दिवसांपुरतंच उतरवायचं असं नातीला सांगितलं. एक वही करून तिनं चौघांच्या पाळ्याही लिहिल्या.

त्या संध्याकाळी आबाजींनी पूर्ण मॅच पाहिली. मोठा नातू टॅब सोडून त्यांच्या बाजूला येऊन बसला आणि नो-बॉलवरून दोघांचं चांगलंच वाजलं.

दिवाळीला सगळे परत येणार आहेत, तेव्हा आबाजींना दोन स्क्रीन हवेत. त्यांच्या वायफायच्या पॅकमधलं ओटीटी अ‍ॅपमधून वाढवता येत नाही, मी करून पाहिलं. त्यामुळे लेकीच्या नंबरावर एक महिन्याचं वेगळं सबस्क्रिप्शन घ्यायचं ठरलंय. पैसे भरल्या दिवशीच ऑटोपे रद्द करायचा, भरलेला महिना तरी पूर्ण मिळतो. आणि अ‍ॅपमधून रद्द केल्यावर यूपीआयमधल्या ऑटोपेच्या यादीतूनही तो गेला का, हे पाहायचं, नाहीतर पुढच्या महिन्यात पैसे कटल्यावर लोक माझ्या दुकानात येतात.

माझ्या दुकानातल्या पोस्टरवर मी आता मार्करनं मराठीत लिहिलंय, 'एका वेळी एकाच ठिकाणी चालेल'. पॅक विकणाऱ्यांनी हे स्वतः छापावं, आणि टीव्ही थांबवताना दुसरीकडे कोणत्या डिव्हाइसवर चालू आहे त्याचं नाव त्या सूचनेतच दाखवावं. यादी त्यांच्याकडे आहेच.