आजीची पावलं

गुहागरजवळच्या आमच्या घरी आजी संध्याकाळी अंगणातून तुळशीकडे जाते, दिवा लावते आणि परत येते. एवढंच मी फोनवर चित्रित केलं होतं. अडतीस सेकंद. पुण्यात येऊन ऐकलं तर आवाजाच्या जागी नुसता वारा. समुद्र आपला श्वास थेट माइकमध्ये सोडत होता. तो आवाज काढून टाकला तर आजी भुतासारखी तरंगत चालली होती.

यावर उपाय म्हणजे फोली. मूकपट बोलू लागले त्या काळात हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचे गृहस्थ पडद्यावरचं दृश्य बघत बघत स्वतः चालायचे आणि तो आवाज ध्वनिमुद्रित व्हायचा. त्यांचंच नाव या कामाला पडलं. मला वाटलं, चालायचंच तर आहे! पहिल्या वाढदिवसापासून चालतोय की.

रात्री साडेबाराला हॉलमध्ये अनवाणी चाललो. हेडफोनमध्ये ‘चट्, चट्’ ऐकू आलं, ओल्या टाइल्सवर पाल चालावी तसं. घामट तळवे फरशीला चिकटत होते. पावडर लावली, चिकटणं थांबलं. पण आता आजी एखाद्या रिकाम्या मंगल कार्यालयात चालत होती. हॉलच्या उघड्या भिंती प्रत्येक पाऊल परत करत होत्या, आणि अंगणाला कुठल्या आल्यात भिंती? मग सगळा संसार बेडरूममध्ये हलवला. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन गोधड्या टाकून तो माइकच्या मागे उभा केला. पंखा बंद. फ्रिजची घरघर भिंतीपलीकडूनही येत होती, म्हणून तोही बंद. तो पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून साउंडवाले गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतात, असं ऐकलं होतं. मीही स्कूटरची ठेवली.

आता जमीन. कुंडीतली माती तव्यावर भाजून कोरडी केली आणि चादरीवर पसरली. पाऊल ठेवलं तर कुणीतरी कानाशी चिवडा खातंय असा आवाज! माइक दोन फुटांवर असला की खडा न् खडा आपलं अस्तित्व जाहीर करतो, आणि आमचं अंगण तर शेणाने सारवलेलं. पिठाच्या चाळणीने माती चाळून तिचा अगदी पातळ थर दिला. खाली प्लायचा तुकडा ठेवून पाहिला, पण तो पोकळ ‘डब डब’ करू लागला, म्हणून काढला. टणक फरशीच बरी.

जागच्या जागी चालणं हा खरा छळ. पुढे जायचं नाही, तरी वजन पुढे टाकायचं. टाच टेकल्याचा एक आवाज, चवडा टेकल्याचा दुसरा, दोन्ही हवेत. सेकंदाला पंचवीस फ्रेम्स, म्हणजे एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची. तीन-चार फ्रेम्स उशीर झाला की बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं चाललंय हे कळतं. अकराव्या टेकला सगळं जमलं आणि शेवटच्या पावलाला माझा गुडघा कडाडला. पडद्यावर आजी वाकलेली होती, त्यामुळे क्षणभर तो ठेवावा असंही वाटलं.

तेवढ्यात आई दारात. चाळण तिने आधीच पाहिली होती.

“हे काय चाललंय?”

“आजीची पावलं.”

तिने लॅपटॉपवर दोनदा बघितलं. “अरे, ती अशी टाच आपटून नाही चालत. डावा पाय ओढते. सरक तिकडे.”

आईने पावडर लावली आणि चालली. सर्र, थप. सर्र, थप. दुसऱ्याच टेकला आजी जमिनीवर आली.

राहिलं लुगडं. कपाटातलं रेशमी नऊवारी काढून माइकपासून वीतभर अंतरावर हलवलं, तर वेफर्सचं पाकीट फुटलं. सुताचं जुनं, शंभरदा धुतलेलं पातळ हवं होतं. ते फरशी पुसायच्या बादलीत सापडलं. धुऊन, वाळवून दोन मुठींत धरलं आणि आजीच्या खांद्यांच्या लयीत हलवलं. माझ्याच नायलॉनच्या ट्रॅकपँटची सळसळ त्यात येत होती, म्हणून ती उतरवली. मध्यरात्री चड्डीवर, फडकं घुसळणारा मुलगा आईने कसा सहन केला, देव जाणे. एवढं करून तो आवाज मिश्रणात इतका हळू ठेवायचा की ऐकूच येऊ नये. मात्र बंद केला की बाई पुठ्ठ्याची होते.

सकाळी तासभर स्कूटरची किल्ली शोधली. शेवटी आईला ती दुधाशेजारी सापडली. दूध नासलं होतं.

दिवाळीत आजीला व्हिडिओ दाखवला. तिने फोन कानाशी धरून पुन्हा लावायला सांगितला.

“चालताना इतका आवाज करते होय रे मी? तरीच मांजर पळतं.”