पार्किंगचे पिलर आणि तो फॉरवर्ड

"खाली मोकळं पार्किंग असलेली बिल्डिंग भूकंपात जास्त सेफ असते. भिंती नाहीत म्हणजे वजन कमी, पिलर हलतात आणि हादरा तिथेच जिरतो, वरचे फ्लॅट शाबूत राहतात. किल्लारीत माणसं भिंतींखालीच गेली ना? आणि पुण्या-मुंबईच्या खाली केंद्र नाही, टेन्शन घेऊ नका."

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आलं, म्हणून एकदाच लिहितो, कारण माझं रोजचं कामच बिल्डिंगच्या सांगाड्याचं आहे.

आधी ते "जिरतो" बघू. वरच्या मजल्यांवर प्रत्येक फ्रेममध्ये विटांच्या भिंती गच्च बसलेल्या असतात, त्यामुळे ते मजले मिळून एक कडक खोका होतो आणि खाली मात्र नुसते पिलर. पार्किंगवर चार मजले धरा आणि जमीन हलल्यावर गच्ची पायथ्यापासून 60 मिमी सरकली असं समजा. पाचही मजल्यांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 12 मिमी येतात, पण वरचा खोका वाकतच नाही, म्हणून जवळजवळ सगळे 60 मिमी एकट्या पार्किंगच्या पिलरवर येतात. आपल्या भूकंपाच्या कोडमध्ये, म्हणजे आयएस 1893 मध्ये, तीन मीटर उंचीच्या मजल्याला डिझाइनच्या बळाखाली जेमतेम 12 मिमी सरकायची मुभा आहे, यावरून अंदाज येईल. पिलर मग वरच्या आणि खालच्या टोकाला फुटतो, काँक्रीट सुटतं, सळ्या बाहेर फुगतात आणि वरचा खोका जसाच्या तसा खाली बसतो. वरचे फ्लॅट कधीकधी खरंच शाबूत राहतात, फक्त एक मजला खाली येऊन.

हालचाल खाली जिरवायची आयडिया चुकीची नाही हं, पण त्याला रबर लागतं. भुजचं जिल्हा हॉस्पिटल 2001 च्या भूकंपानंतर नव्याने बांधलं तेव्हा त्याच्या खाली लेड-रबरची बेअरिंग बसवली, ती सरकतात आणि परत जागेवर येतात. आरसीसीचा पिलर परत येत नाही.

वजनाचं म्हणाल तर भूकंपाचं बळ येतं ते मुख्यतः वरच्या वजनामुळे आणि ते सगळं पार्किंगच्या पिलरमधूनच जमिनीत उतरतं. तळमजल्याच्या चार भिंती काढून असं किती वजन वाचलं?

किल्लारीचं उदाहरण इथे लागूच होत नाही. तिथे 1993 ला पडली ती जाड दगड-मातीच्या भिंतींची आणि वर मातीचं ओझं असलेली घरं, पिलर-बीमची फ्रेम नाहीच. आपल्या प्रकारच्या बिल्डिंगचं उदाहरण हवं तर अहमदाबाद घ्या. 26 जानेवारी 2001 ला भूकंपाचं केंद्र भुजजवळ, शहरापासून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी अहमदाबादमध्ये शंभराहून जास्त आरसीसी बिल्डिंगा पडल्या आणि त्यातल्या बहुतेक खाली मोकळं पार्किंग असलेल्याच होत्या. म्हणजे केंद्र लांब आहे हा दिलासा तिथेच संपतो. शिवाय पुणे, मुंबई आणि अहमदाबाद तिन्ही त्या वेळच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात एकाच पट्ट्यात, झोन 3 मध्येच होते.

हे झाल्यावर 2002 च्या कोडने सांगितलं की असे मोकळे मजले असतील तर तिथले पिलर-बीम अडीचपट बळासाठी डिझाइन करा, आणि 2016 पासून तर झोन 3 मध्येसुद्धा अशा बिल्डिंगला शिअर वॉल, म्हणजे आडवा हादरा घेणारी आरसीसीची भिंत, किंवा ब्रेसिंग, म्हणजे फ्रेममध्ये तिरके आधार, द्यायला सांगितलंय. त्यामुळे सरसकट सगळ्या पार्किंगवाल्या बिल्डिंगा धोक्याच्या, असं मी म्हणत नाही. भीती जुन्यांची जास्त आहे.

आपली कुठली हे बघायला खाली जाऊन टेप लावा. आमच्याकडे पिलरची एक बाजू 230 मिमी निघाली, म्हणजे नऊ इंच, भिंतीच्या जाडीत लपावा म्हणून. आजचं कोड 300 मागतं. एका पिलरचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचं काँक्रीट, पाइपचा क्लॅम्प बसवताना कोणीतरी फोडलंय, आत उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या रिंगा दिसतात आणि त्यांची टोकं 90 अंशात वळवलेली, आत 135 अंशात रोवलेली नाहीत, त्यामुळे काँक्रीट फुटलं की त्या उघडणार. टोकाजवळच्या रिंगांत 100 मिमीपेक्षा जास्त अंतर नको, तिथे मला वीतभर दिसलं.

आणि हे वाचून कोणी "मग खाली विटा रचून टाकू" म्हणेल तर थांबा. एकाच बाजूला भिंत घातली तर बिल्डिंग पिळते, आणि पिलरला चिकटून अर्ध्या उंचीची भिंत घातली, जशी वॉचमनच्या केबिनला असते, तर पिलरचा उरलेला आखूड भाग आधी फुटतो. खरा इलाज म्हणजे दोन्ही दिशांना, तोल सांभाळून, पायापासून आरसीसी शिअर वॉल किंवा स्टीलचं ब्रेसिंग, आणि गरज असेल तिथे पिलरला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नवं मजबूत आवरण. यात दोनेक गाड्यांची जागा जाईल, आणि आमच्या मीटिंगमध्ये विषय तिथेच अडकलाय, कुणाची गाडी जाणार यावर.